फ्रेंचची आठ वाक्यं, इंग्रजी अक्षरांतले उच्चार आणि भलत्याच गावाचं तिकीट

सावनी_क · रविवार, रात्री १०.१२

आई-बाबा पुढच्या महिन्यात नऊ दिवस फ्रान्सला चाललेत. पहिले पाच दिवस पॅरिस, तिथे ग्रुप आहे, गाइड आहे, काळजी नाही. नंतरचे चार दिवस माझ्या भावाकडे. तो नॉर्मंडीत Caen नावाच्या गावात शिकतो. त्याची नेमकी त्याच आठवड्यात परीक्षा, म्हणून पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनवरून तिथपर्यंतचा साधारण दोन तासांचा ट्रेनप्रवास दोघांना एकट्याने करायचाय.

आईने हौसेने एका प्रवासी पुस्तकातून आठ ओळी उतरवून घेतल्या. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे पुस्तकाने दिलेला उच्चार:

```
bonjour           bohn-zhoor
s'il vous plaît   seel voo pleh
je voudrais       zhuh voo-dreh
l'addition        lah-dee-syohn
sans viande       sahn vyahnd
deux euros        duh zuh-roh
douze euros       dooz uh-roh
Caen              kahn
```

काल जेवणं झाल्यावर तिने व्हिडिओ कॉलवर भावाला वाचून दाखवलं. "बोहन झूर. सील वू प्लेह. झुह वूड्रेह." तो आधी हसला, मग म्हणाला की बाकीचं समजून घेतील गं, पण शेवटचं तू 'काहन' म्हणतेस ते दुसऱ्याच गावाचं नाव होतंय. तेवढ्यात त्याचं नेट गेलं.

आई निवृत्त गणित शिक्षिका आहे. तिचं म्हणणं, जे लिहिलंय तेच मी वाचलं, माझं काय चुकलं? हातात पंचवीस दिवस आहेत. देवनागरीत लिहून देऊ का? आणि देऊ तर कसं लिहू?

---

मिसळसम्राट · रविवार, रात्री १०.४०

रोमन लिपीत मराठी लिहिण्याला माझा कायमच विरोध राहिला आहे. मोबाइलवर मराठी कीबोर्ड फुकट मिळतो. 'mi yeto' असलं वाचून डोळे दुखतात.

---

सावनी_क · रविवार, रात्री १०.४४

दादा, फ्रेंचबद्दल विचारलंय.

---

मिसळसम्राट · रविवार, रात्री १०.५१

तत्त्व तेच.

---

शंतनू_स्कोअरिंग · रविवार, रात्री ११.२०

अकरावी-बारावीला मार्क मिळतात म्हणून फ्रेंच घेतलं होतं, त्यामुळे थोडं सांगू शकतो. तीन गोष्टी काकूंना शिकवा. एक, शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा गिळायचं. दोन, र म्हणजे घशातून ख. 'मेर्सी' नाही, 'मेख्सी'. तीन, u दिसला की ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. हा नियम सगळीकडे लावा, merci beaucoup मध्येसुद्धा. लोक खूश होतात.

---

वेलदोडा · सोमवार, सकाळी ७.३५

शंतनू, तुझी पहिली गोष्ट बरोबर आहे आणि तिसरीतली ओठांची कृतीही अगदी बरोबर आहे. पण beaucoup मध्ये ती मुळीच लावू नकोस. तिथे u एकटा नाही, ou आहे, आणि ou म्हणजे आपला साधा ऊ. तू म्हणतोस तसं केलंस तर 'खूप आभार'ऐवजी 'आभारी आहे, काय सुंदर पार्श्वभाग' असं काहीसं ऐकू जातं. लोक खूश होत असतील, कारण मात्र वेगळं असेल. 😀

सावनी, मी पुण्यात बावीस वर्षं फ्रेंच शिकवतेय. तुझ्या आईंचं काहीच चुकलेलं नाही. ती उजवी बाजू त्यांच्यासाठी लिहिलेलीच नाही. ती इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसासाठी आहे. नुसतं ple लिहिलं तर तो ते 'प्ली', 'प्ले', 'प्ल' कसंही वाचेल, म्हणून त्याच्या स्वराला कुंपण घालायला pleh असा h लावतात. तो h उच्चारायचा नसतोच. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराचा मान राखतो, म्हणून 'प्लेह' म्हणतो. फ्रेंचमध्ये 'ह' हा ध्वनीच नाही, म्हणजे आईंनी वाचलेला प्रत्येक ह जास्तीचा आहे.

तेव्हा आज एकच काम. त्याच कागदावर लाल पेनाने ah, oh, uh, eh यांतले h खोडायला सांग. zh मधला राहू दे, त्याचं नंतर बघू. उरलेलं मराठीसारखं वाचायचं: a म्हणजे आ, o म्हणजे ओ, e म्हणजे ए. आणि u जिथे एकटा उरेल तिथे आपला अ, 'घर'मधल्या घ-चा. हे स्वर आपल्याकडे तयार आहेत, उलट इंग्रज माणसालाच ते घासूनपुसून शिकावे लागतात.

दुसरं, t आणि d. इंग्रजी अक्षर दिसलं की आपण सवयीने ट आणि ड म्हणतो. फ्रेंच t, d म्हणजे दाताला जीभ लावून म्हटलेले आपले त आणि द. वूड्रे नाही, व्हुद्रे. बिल मागताना लाडिस्यो नाही, लादिस्यो. टॉयलेट विचारायचं झालं तर त्वालेत. एवढ्या एका बदलाने आईंचं बोलणं पुस्तक वाचणाऱ्या पर्यटकांपेक्षा जास्त कळेल.

र-ची चिंता नको. आपला मराठी र त्यांना समजतो. 'मेख्सी' म्हणून घसा खाकरण्यापेक्षा 'मेर्सी' कधीही बरं.

n बद्दल संध्याकाळी लिहिते, तास आहे. खरं दुखणं तिथे आहे.

---

पेठकर_काका · सोमवार, सकाळी ९.०५

आम्ही २०११ साली गेलो होतो. एकही शब्द येत नव्हता, हातवाऱ्यांवर भागवलं. फक्त एकदा फसलो. 'सालाद' मागवलं, हिरवंगार दिसलं, आणि मधे मधे छोटे गुलाबी तुकडे. सौ.ला वाटलं गाजर. ते डुकराचं मांस होतं, त्याला लार्दों म्हणतात हे नंतर कळलं. तेव्हा शाकाहारी असल्याचं वाक्य यादीत घाला. आणि मेतकूट न्या.

---

मांडवीकाठ · सोमवार, सकाळी ११.३०

वेलदोडाताई n वर येण्याआधी मी घुसतो. तुम्हा पुण्याकडच्या लोकांनी अनुस्वार लिहायचा ठेवला आणि बोलायचा सोडला. आम्ही कोकणीत अजून नाकात बोलतो. 'हांव' म्हणताना आ नाकातून जातो, न कुठेच येत नाही. फ्रेंच शिकताना आमच्या गोंयच्या पोरांना हा धडा शिकवावाच लागत नाही.

---

वेलदोडा · सोमवार, रात्री ८.१५

मांडवीकाठ, मान्य. वर्गात कोकणी बोलणारं मूल आलं की मी त्यालाच उदाहरण म्हणून उभं करते.

आता n. पुस्तकातल्या bohn, sahn, kahn, syohn यांतला n हे अक्षर नाही, खूण आहे: आधीचा स्वर नाकातून काढा. इंग्रजीत अशी खूण करायला दुसरं अक्षर नाही, म्हणून बिचाऱ्या n ला कामाला लावलंय. काही पुस्तकं तो बारीक किंवा कंसात छापतात. या पुस्तकाने नाही छापला, आणि इथेच ते फसवतं, कारण खरा n आणि खुणेचा n सारखेच दिसतात.

सावनी, आईंना हा प्रयोग करायला सांग. 'कान' म्हणायचं आणि शेवटी थांबायचं. जिभेचं टोक कुठे आहे? वरच्या दातांमागे टेकलेलं. आता हिंदीतलं 'हाँ' म्हणायचं आणि थांबायचं. जीभ खाली निजलेली असेल, कुठेही टेकलेली नसेल. फ्रेंचचा खुणेचा n म्हणजे ही दुसरी अवस्था. बरोबर जमलं की नाही हे कानाने ठरवू नका, सुरुवातीला तो दगा देतो. जिभेला विचारा. टोक टेकलं की चुकलं.

आणि आता तुझ्या भावाचं गाव. Caen यातला n खुणेचा आहे. शेवटी जीभ टेकत नाही, आणि त्यातला आ पॅरिसकडे थोडा ऑ-कडे झुकतो. म्हणजे 'कॉ' म्हणायला घ्या आणि तो नाकातून सोडा. याउलट Cannes, ते सिनेमाच्या महोत्सवाचं गाव, त्यात n खरा आहे. आपली वर्तमानपत्रं 'कान' लिहितात ते अगदी योग्य. आई पुस्तकातलं kahn वाचून 'कान' म्हणाल्या की समोरच्याला भूमध्य समुद्राकाठचं Cannes ऐकू येतं. तिथल्या गाड्या गार द लियों या वेगळ्याच स्टेशनातून सुटतात आणि प्रवास पाच तासांच्या आसपास. भाऊ हसला ते यामुळे.

---

सावनी_क · सोमवार, रात्री ८.५०

बापरे. म्हणजे सां-लाझारला उभं राहून 'कान' विचारलं असतं तर त्यांनी प्रेमाने शहराच्या पलीकडच्या स्टेशनावर पाठवलं असतं.

मी देवनागरीत 'काँ' लिहून दिलं आईला. तिने 'कॉन' वाचलं. मी म्हटलं अगं चंद्रबिंदू आहे. ती म्हणाली, "मग 'बँक' कशी वाचतेस तू?"

---

मांडवीकाठ · सोमवार, रात्री ९.०२

काकूंना शंभरपैकी शंभर.

---

वेलदोडा · सोमवार, रात्री ९.२०

बरोबर पकडलं त्यांनी. हिंदीत चंद्रबिंदू म्हणजे नाकातला स्वर. मराठीत आपण तेच चिन्ह बँक, फ्रँक, पँट यांत ॲ-साठी वापरतो, वर न-ही म्हणतो. म्हणजे देवनागरीत आणलं की प्रश्न सुटला असं नाही, नवा खड्डा तयार होतो. मी मुलांना नाकातल्या स्वरापुढे एक लाट काढायला लावते: कॉ~. ही खूण मराठीत दुसऱ्या कशाचीच नाही, म्हणून वाचणारा थबकतो. थबकला की निम्मं काम झालं.

---

तुलूझकर · मंगळवार, दुपारी ३.१०

मी दक्षिणेत सहा वर्षं राहतोय. इथे पाव मागताना लोक सरळ 'पेंग' म्हणतात. शेवटी न-सारखा आवाज अगदी स्पष्ट येतो. त्यामुळे n म्हणायचाच नाही हा पॅरिसचा तोरा आहे. मी सुरुवातीपासून n म्हणत आलो, माझं कुठे अडलं नाही.

---

वेलदोडा · मंगळवार, रात्री ८.०५

दक्षिणेतलं निरीक्षण खरं आहे. पण नीट ऐका, तो 'न' नाही, 'गंगा'मधला ङ आहे. जिभेचं टोक तिथेही वर टेकत नाही. पाहुण्याने शिकताना न म्हटला तर Caen आणि Cannes एक होतात.

---

तुलूझकर · मंगळवार, रात्री ८.४०

आमच्याकडे होत नाहीत. इथे Cannes दोन तुकड्यांत म्हणतात, 'का-न', शेवटचा अ ऐकू येतो. म्हणून Caen च्या मागे थोडा आवाज आला तरी फरक राहतो. आणि माझा मराठी न कुणाला खटकलेला नाही. संदर्भाने कळतं हो माणसांना.

---

वेलदोडा · मंगळवार, रात्री ८.५५

पावाच्या दुकानात संदर्भ असतो. तिकीट खिडकीवर गावाचं नाव हाच संदर्भ. असो, आपण दोघं यावर एकमत होणार नाही असं दिसतंय.

---

उसाचा_मळा · बुधवार, सकाळी ६.५०

मॉरिशसमध्ये चार वर्षं नोकरीला होतो. तिथे आपल्या मराठी मूळ असलेल्या कुटुंबांतसुद्धा क्रिओल बोलतात, आणि क्रिओलमध्ये फ्रेंचचा तो zh सरळ z होतो. bonjour चं 'bonzour', manger चं 'manze'. फ्रान्समधून आलेल्या पाहुण्यांना ते कळायचं. तेव्हा काकूंना zh जमत नसेल तर 'रोज' शब्दातला ज वापरा. झेंड्याचा झ मात्र नको, तो वेगळाच ऐकू येतो.

---

वेलदोडा · बुधवार, सकाळी ७.३०

हे छान आठवलंत. माझाही अनुभव हाच, ज-वर भागतं. पण नीट जमवायचं असेल तर अवघड नाही. गळ्यावर बोट ठेवा आणि लांब 'स्स्स' म्हणा. गळा शांत असतो. त्याच जागी आवाज भरला की 'रोज'मधला ज होतो आणि बोटाला थरथर लागते. आता लांब 'श्श्श' म्हणा, वर्गात पोरांना गप्प करताना म्हणतो तसं, आणि जीभ न हलवता त्यात आवाज भरा. तो zh. आई शिक्षिका होत्या, श्श्श त्यांचा घोटलेला असणार.

लिहिताना झ-खाली टिंब द्या: झ़. मराठीत खालचं टिंब वापरत नाही, म्हणून तेही थबकवतं.

---

सावनी_क · शुक्रवार, रात्री ९.३०

चार दिवसांचा अहवाल. h खोडले, त-द बसले. झ़ दुसऱ्या दिवशी जमला. बाबांना अजून जमत नाही, ते 'बोंजूर' म्हणतात आणि त्यात समाधानी आहेत.

'कॉ~' आईला जमतं, पण घाईत म्हटलं की जीभ परत वर जाते. मग तिने युक्ती काढली. म्हणून झालं की तोंड तसंच अर्धं उघडं ठेवते. घरात सगळे आ वासून बसलेत असं दृश्य आहे.

अडलंय ते deux euros आणि douze euros वर. पुस्तकात एक duh zuh-roh आणि दुसरं dooz uh-roh. आई म्हणते, एकात रेघ z च्या आधी आहे आणि एकात नंतर, एवढाच फरक असेल तर मला नाही कळणार. दोन युरो आणि बारा युरो यांत फरक कळायला नको?

---

वेलदोडा · शुक्रवार, रात्री १०.१०

आईंना सलाम. बरोबर जागी बोट ठेवलंय. deux मधला x एरवी मुका असतो, पण पुढे स्वराने सुरू होणारा शब्द आला की जागा होतो आणि ज म्हणून त्या शब्दाला चिकटतो. douze मधला z मुळातच बोलका. म्हणून दोन्हीकडे ज येतो आणि रेघ कुठे आहे याला बोलण्यात काहीच अर्थ राहत नाही. सगळा फरक पहिल्या स्वरात आहे.

बारामधला स्वर सोपा, आपला ऊ: 'दूज एरो'. दोनमधला आपल्याकडे नाही. शंतनूने u साठी सांगितलेलीच युक्ती इथे एक पायरी खाली आणा. तो 'ई' म्हणताना ओठ गोल करायला सांगत होता. इथे 'दे' म्हणा, जीभ तशीच ठेवा आणि ओठ फक्त 'ओ'सारखे गोल करा. आरशात बघून करा. deux, euros ची सुरुवात, monsieur चा शेवट, तिन्हीकडे हाच स्वर आहे. पुस्तकातला duh वाचून साधं 'द' म्हटलं तरी कळतं. 'दू' मात्र म्हणायचं नाही, कारण दू म्हटलं की समोरचा बाराकडे वळतो.

ऐकताना जास्त जपायला लागेल. विक्रेता भरभर बोलतो आणि आपल्या कानात तो गोल ए-चा खणच नाही, तो आपोआप ऊ-च्या खणात जाऊन पडतो. तेव्हा पाटीवरचा आकडा बघायचा.

---

शंतनू_स्कोअरिंग · शुक्रवार, रात्री ११.००

दोन वर्षं शिकूनही मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त लिहायचो. ८८ मिळाले होते.

---

पेठकर_काका · शनिवार, सकाळी ८.२०

शाकाहारी असल्याचं वाक्य कुणी सांगितलंच नाही.

---

वेलदोडा · शनिवार, सकाळी ९.४५

सांगते काका. हा शब्द बाई आणि पुरुष यांचा वेगळा आहे, आणि फरक पुन्हा त्याच n चा. बाबांनी végétarien म्हणायचं, शेवटी खुणेचा n: व्हेझ़ेतार्‍यॅ~, जीभ खाली. आईंनी végétarienne: व्हेझ़ेतार्‍येन, जीभ वर टेकवून स्वच्छ न. आईंनी पुरुषाचं रूप वापरलं म्हणून कुणी मटण वाढणार नाही, कळतं. पण तुमच्या लार्दोंसाठी हा शब्द पुरत नाही. 'सॉ~ व्ह्यॉ~द' म्हणजे मांस नको, त्याच्या जोडीला 'सॉ~ लार्दो~' वेगळं म्हणा. मासा नको असेल तर poisson, त्यात ss आहे म्हणून स्वच्छ स: प्वासो~. तिथे एकच s समजून ज म्हटला तर poison होतं, म्हणजे विष. 'विष नको' म्हटलं तरी काही बिघडत नाही म्हणा, पण आचाऱ्याला राग येईल.

सावनी, आता कागद असा कर:

```
बो~झ़ूर
सील व्हू प्ले
झ़ व्हुद्रे
लादिस्यो~
सॉ~ व्ह्यॉ~द
सॉ~ लार्दो~
दे (ओठ गोल) + ज-एरो = २
दूज-एरो = १२
कॉ~  (जीभ खाली!)
```

आणि मूळ फ्रेंच शब्दही शेजारी ठेव, पुस्तकाचा उच्चार मात्र टाकून दे. अडलं तर बोट ठेवून दाखवता येतं. दुकानात शिरताना पहिला शब्द बो~झ़ूर, मागणी नंतर. ते न म्हणता थेट विचारलं तर उर्मट वाटतं त्यांना, उच्चार कितीही शुद्ध असला तरी.

---

मिसळसम्राट · शनिवार, सकाळी १०.३०

शेवटी देवनागरीच कामाला आली की नाही?

---

सावनी_क · पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.००

आले दोघं. धागा वर काढते, कारण बऱ्याच जणांनी विपू करून विचारलं.

सां-लाझारला आईने एका गणवेशातल्या माणसाला विचारलं. आधी बो~झ़ूर, मग 'कॉ~'. त्याला पहिल्या झटक्यात कळलं. मग तो जे काही दहा सेकंद बोलला त्यातलं आईला एक अक्षर कळलं नाही. विचारायचं शिकलो होतो, उत्तर ऐकायचं कुठे शिकलो होतो? तिने कागदावरच्या Caen वर बोट ठेवलं, त्याने वरच्या फलकावर बोट दाखवलं, झालं. बाबांचं म्हणणं, मग आधीच बोट दाखवलं असतं तर चार आठवडे आ वासून बसायला लागलं नसतं.

बाजारात चेरी घेतल्या. बाईने किंमत सांगितली, आईने ऐकली दोन आणि दोन युरोचं नाणं पुढे केलं. बाई पुन्हा म्हणाली. आईने पुन्हा तेच नाणं जरा जास्त पुढे केलं. तिसऱ्यांदा बाईने ओठ लांबवून 'दूऊऊज' म्हटलं आणि आईच्या डोक्यात तुमचा खण उघडला, वेलदोडाताई. दहाची नोट काढली, नाण्याशेजारी ठेवली. पाटी होती म्हणे, पण चेरींच्या मागे गेली होती.

'लादिस्यो~' मात्र सगळीकडे चाललं. आता घरी जेवण झालं की बाबा तेच म्हणतात आणि आई ऐकू न आल्यासारखं करते.

---

तुलूझकर · रविवार, संध्याकाळी ७.२५

बघा, शेवटी बोटानेच काम झालं. माझा न निर्दोष सुटला.

---

वेलदोडा · रविवार, रात्री ८.००

'कॉ~' पहिल्या झटक्यात कळलं, ते वाक्य आपण सोयीस्करपणे गाळलंत.

---

रातराणी_०७ · सोमवार, दुपारी १.१५

धागा पूर्ण वाचला. आम्ही ब्रुसेल्सला जातोय, तिथेही फ्रेंच बोलतात ना? हाच कागद चालेल का? बहिणीने सांगितलं की तिकडे नव्वदला वेगळा शब्द आहे, nonante. पुस्तकात noh-nahnt दिलाय.

---

वेलदोडा · सोमवार, रात्री ९.१०

चालेल. सत्तर आणि नव्वद मात्र वेगळे: फ्रान्समध्ये नव्वदला 'चार वीस दहा' म्हणतात, बेल्जियमवाले septante आणि nonante म्हणून मोकळे होतात. गावाचं नाव Bruxelles असं लिहिलेलं दिसेल, तिथली माणसं त्यातला x स-सारखा म्हणतात, ब्रुसेल.

noh-nahnt मधले h खोडा. पहिले दोन n खरे, तिसरा खुणेचा, आणि शेवटी ट नाही, त. नोनॉ~त.

---

रातराणी_०७ · सोमवार, रात्री ९.३२

नोनॉन्त. नोनॉन्ट. थांबा, आरसा आणते.